शुगरचं चूर्ण विकणारी साइट आणि तिचा डबा कसा तपासायचा

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं औषधाचं दुकान आहे. महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी काउंटरवर मोबाइल ठेवतं आणि विचारतं, "भाऊ, हे मागवावं का?" मोबाइलवर एखादी साइट उघडलेली असते. जटाधारी बाबाचा नाहीतर पांढऱ्या कोटातल्या माणसाचा फोटो, हिरवी पानं आणि मोठ्या अक्षरांत 'मधुमेह मुळासकट बरा'. अशी साइट मी कोणत्या क्रमानं तपासतो ते इथे लिहितोय. यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. वाचता यायला हवं आणि घाई नको.

उदाहरण आमच्या गल्लीतल्या एका मावशींचं घेतो. वय अठ्ठावन्न, नऊ वर्षांपासून शुगर, रोज मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची गोळी. त्यांच्या पुण्यातल्या मुलानं एका साइटवरून तीन महिन्यांचं चूर्ण मागवून दिलं. मला कळलं तेव्हा अर्धा डबा संपला होता. "महिना झालं, हेच घ्यायलेय मी. लई गुण आलाय," असं त्या म्हणाल्या आणि खरंच उपाशीपोटीची शुगर १६० वरून ८२ वर आली होती. मी त्यांच्याकडून डबा मागून घेतला आणि मोबाइलवर ती साइट उघडली.

पहिली पायरी: दावा शब्दशः कागदावर उतरवा

साइटवरचा मुख्य दावा आहे तसा वहीत लिहून घ्या. मग पान खाली सरकवत अगदी तळाला जा आणि तिथला बारीक मजकूरही लिहून घ्या. मावशींच्या साइटवर वर होतं, '९० दिवसांत मधुमेह कायमचा बरा, इन्सुलिनसुद्धा सुटेल, आमच्या घराण्याचा गुप्त फॉर्म्युला'. तळाला फिकट अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं होतं की हे उत्पादन कोणत्याही रोगाचं निदान, उपचार वा प्रतिबंध करण्यासाठी नाही. दोन्ही वाक्यं एकाच विक्रेत्याची. वरचं वाक्य गिऱ्हाईक वाचतं, खालचं वकील वाचतो. मावशींच्या मुलाला मी दोन्ही ओळी शेजारी-शेजारी दाखवल्या तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला.

आता वरच्या दाव्याकडे बघू. आपल्या देशात १९५४ चा एक कायदा आहे, औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम. त्याला जोडलेल्या परिशिष्टात अशा आजारांची यादी आहे, ज्यांवर 'आमचं औषध हे बरं करतं, कमी करतं किंवा टाळतं' अशी जाहिरात करायलाच बंदी आहे. त्या यादीत मधुमेह आहे आणि कर्करोगही आहे. औषध आयुर्वेदिक असो, युनानी असो की अॅलोपॅथिक, बंदी सगळ्यांना सारखी. पहिल्यांदा गुन्हा सिद्ध झाला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

म्हणजे 'शुगर बरी करतो' असं जी साइट उघडपणे लिहिते, तिनं चूर्णाची पुडी उघडण्याआधीच कायदा मोडलेला असतो. चूर्ण चांगलं की वाईट हा प्रश्न नंतरचा. मी इथेच थांबायला सांगतो, पण लोक थांबत नाहीत. त्यांना वाटतं कायदा कडक आहे, औषध मात्र खरं असेल. म्हणून पुढे डब्यावर जाऊ.

दुसरी पायरी: डबा फिरवून वाचा

'गुप्त फॉर्म्युला' या दोन शब्दांत फसवणुकीची सगळी किल्ली आहे. आपल्याकडे विक्रीसाठी बनवलेलं आयुर्वेदिक औषध गुप्त असूच शकत नाही. औषधांच्या नियमांनुसार लेबलवर त्यातल्या सगळ्या घटकांची खरी यादी छापावी लागते. वनस्पतीचं नाव, तिचं शास्त्रीय नाव आणि प्रत्येकाचं प्रमाण, सगळं. यादी लांब असेल तर वेगळा कागद डब्यात घालायचा आणि तसा उल्लेख लेबलवर करायचा. कंपनीचं स्वतःचं मिश्रण असलं, ज्याला प्रोप्रायटरी औषध म्हणतात, तरी हे चुकत नाही. कोणत्याही चांगल्या कंपनीच्या त्रिफळा चूर्णाची बाटली हातात घ्या. त्यावर हिरडा, बेहडा, आवळा किती ते लिहिलेलं असतं, शिवाय उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख, मुदत, कारखान्याचा पूर्ण पत्ता आणि 'आयुर्वेदिक औषध' हे शब्द असतात.

मावशींच्या डब्यावर मागच्या बाजूला लिहिलं होतं, '२१ दुर्मिळ हिमालयीन जडीबुटी'. कोणत्या एकवीस, ते नाही. परवाना क्रमांकाच्या जागी चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक होता. ही खूण शिकून ठेवा, कारण हल्ली अशा बहुतेक डब्यांवर हाच आकडा दिसतो. हा क्रमांक खाद्यपदार्थाचा असतो. पापड, मसाला, बिस्किट यांना मिळतो तो. ज्या कागदावर लोणचं विकायचा परवाना मिळतो, त्याच कागदावर मधुमेहाचं औषध विकायचा प्रयत्न चाललेला असतो. खाद्यपदार्थाला रोग बरा करण्याचा दावा करताच येत नाही, त्याचे नियम वेगळे आहेत आणि तिथेही ही मनाई आहे.

'जीएमपी प्रमाणित', 'आयएसओ प्रमाणित' असे गोल शिक्केही असतात. जीएमपीचा अर्थ इतकाच, की कारखाना ठरलेल्या पद्धतीनं आणि स्वच्छतेनं चालतो. चूर्णानं शुगर उतरते की नाही, याबद्दल तो शिक्का एक अक्षर बोलत नाही. मला हे समजवावं लागतं तेव्हा मी भेळेच्या गाडीचं उदाहरण देतो: गाडी स्वच्छ आहे म्हणून भेळेनं गुडघे दुखायचे थांबत नाहीत.

साइटवाले एक पळवाट सांगतात: "आमचे वैद्यजी स्वतः बनवतात, त्यांना परवाना लागत नाही." यात अर्धं खरं आहे. वैद्यानं स्वतःच्या रुग्णासाठी, तपासून, स्वतः बनवलेल्या औषधाला उत्पादन परवान्याची सूट आहे. ती सूट त्याच्यापुढे बसलेल्या रुग्णापुरती. फोनवरून पिनकोड विचारून साऱ्या महाराष्ट्रात कुरिअर करणाऱ्याला ती लागू होत नाही.

तिसरी पायरी: बऱ्या झालेल्यांचे आकडे उलगडून बघा

साइटवर रिपोर्टचे फोटो असतात. 'आधी ३१२, नंतर १३८.' हा आकडा कशाचा, हे विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. जेवणानंतर दोन तासांनी घेतलेली शुगर आणि सकाळी उपाशीपोटी घेतलेली शुगर यांत एकाच माणसाच्या अंगात, एकाच दिवशी, काहीही औषध न घेता शंभर-दीडशेचा फरक पडू शकतो. आधीचा फोटो पोटभर जेवल्यावरचा आणि नंतरचा उपाशीपोटीचा, असं मी अनेक साइटवर पाहिलंय. बोटाला गुळाचा किंवा पिकल्या आंब्याचा रस लागलेला असताना ग्लुकोमीटरवर तपासलं तरी आकडा उगाच फुगतो.

म्हणून 'तीन महिन्यांची शुगर', म्हणजे एचबीएवनसी, पाहायची. ती रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे हा आकडा सावकाश हलतो. 'पंधरा दिवसांत एचबीएवनसी ११ वरून ६' असं कुणी दाखवलं तर एवढ्या दिवसांत जुन्या पेशी बदलतच नाहीत, हे लक्षात घ्या. तो रिपोर्ट खोटा, नाहीतर दोन वेगळ्या माणसांचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: तो माणूस त्या काळात बाकी काय घेत होता? अनेकदा मेटफॉर्मिन चालूच असते, भात-साखर बंद केलेली असते, सकाळी चालणं सुरू झालेलं असतं, आणि श्रेय चूर्णाला जातं. टाइप टू मधुमेहात बरंच वजन कमी झालं तर काही जणांची शुगर गोळ्यांशिवायही मर्यादेत राहते, हे अभ्यासांत सिद्ध झालंय. त्याला डॉक्टर 'रेमिशन' म्हणतात, 'बरा झाला' म्हणत नाहीत, कारण वजन परत वाढलं की शुगर परत येते.

फोटो असतील तर फोटोवर बोट दाबून गूगल लेन्सनं शोधा. तोच 'बरा झालेला बीडचा शेतकरी' दुसऱ्या साइटवर केस उगवणाऱ्या तेलाच्या जाहिरातीत सापडतो. साइट किती जुनी आहे तेही lookup.icann.org वर नाव टाकलं की दिसतं. मावशींची 'घराण्याची परंपरा' पाच महिन्यांपूर्वी नोंदवलेली निघाली.

पान चघळून साखर मातीसारखी लागते तेव्हा

पुढचा प्रयोग वेगळा लिहावा लागतो, कारण यानं शहाणी माणसं फसतात. साइटवरच्या व्हिडिओत आणि आठवडी बाजारातही एक प्रयोग करून दाखवतात. एक हिरवं पान चघळायला देतात, मग चिमूटभर साखर जिभेवर ठेवायला सांगतात. साखर मातीसारखी लागते, गोडवा गायब. विक्रेता म्हणतो, "बघा, साखर मारली की नाही? रक्तातली साखर पण अशीच मरते."

ते पान खरंच खास आहे. आपल्याकडे त्याला बेडकीचा पाला म्हणतात, संस्कृतात मधुनाशिनी, हिंदीत गुडमार. त्यातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरच्या गोड चव ओळखणाऱ्या जागांना थोडा वेळ अडवतात. अर्ध्या-पाऊण तासानं चव परत येते. साखर जिभेवर जशीच्या तशी असते, गिळली की पोटात जाते आणि रक्तात चढते. चव गेली, साखर गेली नाही. हा प्रयोग घरी करा, मग जेवून दोन तासांनी ग्लुकोमीटर लावा, तुमच्या हातानंच खात्री होईल. (मधुमेहावर या पानाचे छोटे अभ्यास झालेत, पण गोळ्या सोडून द्याव्यात एवढा आधार त्यांतून मिळत नाही.)

फोनवर काय बोलतात ते ऐका

साइटवर नंबर टाकला की फोन येतो. फोनवरच्या माणसाला तीन गोष्टी विचारा. वैद्यांचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक काय? आपल्या राज्यातल्या बीएएमएस वैद्यांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते, त्यामुळे क्रमांक खरा असेल तर तो तपासता येतो. दुसरं, चालू असलेल्या गोळ्यांचं काय करायचं? तिसरं, किडनीचा रिपोर्ट पाठवू का?

मावशींच्या मुलाला मी माझ्यासमोर स्पीकरवर बोलायला लावलं. वैद्यांचं नाव मिळालं नाही. किडनीचा रिपोर्ट "गरज नाही" झाला. आणि गोळ्यांबद्दल उत्तर आलं, "पंधरा दिवसांनी इंग्लिश गोळ्या बंद करायच्या, इन्सुलिन घेणाऱ्यांनी पण." शेवटच्या तीन शब्दांनी माझ्या अंगावर काटा आला. ज्या लेकराला टाइप वन मधुमेह आहे, त्याच्या शरीरात स्वतःचं इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही. त्याचं इंजेक्शन बंद केलं तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साठतं, उलट्या होतात, श्वास जोरजोरात चालतो आणि लेकरू बेशुद्ध पडतं. घाटी रुग्णालयात पोहोचायला वेळ लागला तर जीव जातो. जो कुणी न तपासता इन्सुलिन बंद करायला सांगतो, त्याच्याशी पुढचं एक वाक्यही बोलू नका. फोन ठेवा.

चूर्णानं खरंच शुगर उतरली तर?

हा प्रश्न मावशींचा होता. "उतरलीया ना शुगर? मग?"

ज्या चूर्णाचे घटक लिहिलेले नाहीत आणि ज्यानं शुगर झपाट्यानं उतरते, त्याचीच मला जास्त भीती वाटते. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या शुगरच्या औषधांत ग्लिबेनक्लामाइड, मेटफॉर्मिन अशी अॅलोपॅथिक औषधं गुपचूप मिसळलेली सापडल्याचे इशारे अमेरिकेच्या औषध प्रशासनानंही दिलेत. म्हणजे ज्या गोळ्यांना घाबरून माणूस चूर्णाकडे गेला, तीच गोळी प्रमाण न सांगता त्याच्या पोटात जाते, आणि वर तो स्वतःची गोळीही घेत असतो.

आषाढी एकादशीला मावशींनी उपवास धरला होता. सकाळी चूर्ण घेतलं, सवयीनं गोळीही घेतली, पोटात फक्त चहा. अकराच्या सुमारास दरदरून घाम, हात थरथरणं, असंबद्ध बोलणं. मुलगी धावत दुकानात आली. ग्लुकोमीटरवर ४८ दिसलं. त्या शुद्धीवर होत्या म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी परत तपासलं, ७६. तरी मी त्यांना रुग्णालयात पाठवलंच, कारण अशा गोळ्यांचा परिणाम लांबतो आणि शुगर परत घसरू शकते. दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. ही घसरण नुसत्या गोळी आणि उपवासानंही होऊ शकते, म्हणून एवढ्यावरून चूर्णात भेसळ होती असा आरोप मी करणार नाही. पण त्यात काय आहे हे डब्यावर लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे डॉक्टरांना कशावर उपचार करायचे ते चाचपडावं लागलं.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. थेट रुग्णवाहिका, १०८.

कॅन्सरची साइट आणि अंगणातली सदाफुली

'सदाफुलीची सात पानं रोज खा, शुगर जाईल, कॅन्सर होणार नाही.' मराठवाड्यात असं घर सापडणं कठीण जिथे अंगणात सदाफुली नाही आणि मोबाइलवर हा मेसेज नाही. या झाडाची खरी गोष्ट मला फार आवडते, कारण औषध गुप्त ठेवणं आणि औषध शोधणं यातला फरक तिच्यात दिसतो.

१९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर या संशोधकांकडे जमैकातून सदाफुलीची पानं आली. तिथले लोक मधुमेहावर त्यांचा काढा घेत असत. उंदरांना पाजून पाहिलं, शुगर हलली नाही. मग अर्क टोचला, तर उंदीर जंतुसंसर्गानं मेले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी एकदम खाली गेल्या होत्या. पांढऱ्या पेशी मारणारं द्रव्य रक्ताच्या कॅन्सरवर चालेल, हे त्यांनी ओळखलं आणि त्यातून विनब्लास्टिन मिळालं. पुढे याच झाडातून विनक्रिस्टिन मिळालं, जे आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये दिलं जातं. ते मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतूनच देतात. थोडं जास्त झालं तर नसा खराब होतात. कुणीही हे गुप्त ठेवलं नाही. रेणू, मात्रा, दुष्परिणाम, सगळं छापलं, म्हणून ते जगभर वापरता आलं. पानं चावून हे औषध मिळत नाही. त्या पानांत मोजता न येणारं विष असतं, एवढंच.

कॅन्सरच्या साइटचं नुकसान शुगरच्या साइटपेक्षा वेगळं असतं. इथे चूर्ण निरुपद्रवी असलं तरी वेळ जातो. आपल्याकडे गुटखा-तंबाखूमुळे तोंडाचे कॅन्सर फार. गालात आतून जखम झाली, तीन आठवड्यांत भरली नाही, की ती तपासायची असते. त्या वेळी छोटी शस्त्रक्रिया पुरते. चार महिने काढा घेत बसलं तर गाठ मानेत उतरू शकते आणि जबडा कापावा लागू शकतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये २८१ रुग्णांची नोंद तपासली, ज्यांचा कॅन्सर पसरलेला नव्हता आणि ज्यांनी फक्त पर्यायी उपचार निवडले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट होता, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाचपटीहून जास्त. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आपल्यासाठीच आहे. आधी जखमेचा तुकडा तपासून घ्या, मग कुणाचं काय ऐकायचं ते ठरवा.

घरात डबा आधीच आला असेल तर

चूर्ण आज बंद करा, पण जुन्या गोळ्या स्वतःच्या मनानं वाढवू वा घटवू नका. कुणी महिनाभर गोळ्या सोडून फक्त चूर्ण घेत असेल तर चूर्ण बंद केल्यावर शुगर चढू शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. डबा टाकू नका, तो झाकण लावून पिशवीत बांधून सोबत न्या. रक्तात साखर, एचबीएवनसी, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि यकृताची तपासणी सांगतील. पोटात कळा, बद्धकोष्ठता, थकवा, रक्त कमी होणं असं काही असेल तर रक्तातल्या शिशाची तपासणी मागा. बोस्टनजवळच्या दक्षिण आशियाई दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ मध्ये प्रसिद्ध झालं होतं.

आयुर्वेदाचेच उपचार हवे असतील तर नांदेडला आणि धाराशिवला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयं आहेत. तिथले वैद्य नाडीबरोबर तुमचा रिपोर्टही बघतात, काय देतोय ते कागदावर लिहून देतात आणि डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवायला सांगतात.

तक्रारीसाठी साइटचे स्क्रीनशॉट, पैसे दिल्याची पावती, कुरिअरची चिठ्ठी आणि डब्याच्या चारही बाजूंचे फोटो एकत्र ठेवा. अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. अर्ज साध्या कागदावर चालतो: कोणत्या तारखेला, कोणत्या साइटवरून, कोणता दावा वाचून घेतलं, आणि घेतल्यावर काय झालं. मावशींचा अर्ज त्यांच्या मुलीनं लिहिला. सोबत उरलेला अर्धा डबा, तो उघडू नये म्हणून वर चिकटपट्टी लावलेला.